'कन्फर्म' दाबून न येणारे

"तुमचं स्माइल तुम्हाला मिस करतंय! उद्या भेटू या का?" या ओळीपुढे तीन चेहरे, एक दात आणि एक फुगा. खाली दोन बटणं, दोन्ही इंग्रजीत: कन्फर्म आणि कॅन्सल.

हा मजकूर माझ्या भाचीच्या दवाखान्यातून दर बुधवारी सकाळी दहा वाजता रुग्णांच्या व्हॉट्सॲपवर जात होता. भाची दातांची डॉक्टर आहे. चाकणच्या अलीकडे, कुरुळीच्या फाट्याजवळ, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर तिचा दवाखाना आहे. मी एका कंपनीत चोवीस वर्षं उत्पादनाचं नियोजन पाहिलं. कोणत्या मशीनवर कोणत्या शिफ्टला किती माणसं हवीत, याचा हिशेब लावणं हे माझं काम. मुदतीआधी निवृत्ती घेतली, चार महिने घरी बसलो, बायकोच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, आणि तिनेच मला भाचीकडे पाठवून दिलं. तिथे मी पुढच्या टेबलावर बसतो. फोन घेतो, वेळा देतो, रजिस्टर लिहितो.

तर तो मजकूर. आमच्याकडे येणारा माणूस कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये मशीनपुढे आठ तास उभा राहतो. त्याचा दात ठणकतो, म्हणून तो येतो. त्याचं स्माइल त्याला मिस करत नाही. त्याला स्वतःलाच गेल्या आठवडाभरात हसू आलेलं नसतं. हे मी भाचीला पहिल्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "मामा, एजन्सीचं पॅकेज आहे. वर्षभराचं. असू दे."

ही एजन्सी म्हणजे एक माणूस. हिंजवडीच्या पलीकडे, माण गावात त्याचं ऑफिस. पायात मोजे न घालता बूट घालायचा आणि मला 'अंकल' म्हणायचा. महिन्यातून एकदा लॅपटॉप घेऊन यायचा, रंगीत वर्तुळं दाखवायचा आणि आमच्या टेबलावरच्या वाटीतली बडीशेप खाऊन जायचा. त्याच्या बोलण्यात रुग्ण कधी येत नसत. ऑडियन्स येई, जर्नी येई, टच-पॉइंट येई. एकदा मी विचारलं, "तुम्ही स्वतः कधी दात काढून घेतलाय का?" तो म्हणाला, "नाही अंकल, टचवुड." मी रजिस्टरकडे वळलो. याच्याकडून मला काही शिकायचं उरलं नव्हतं.

आता गुरुवारचं सांगतो, कारण सगळं गुरुवारीच अडत होतं. आमच्या भागातल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. म्हणून भाचीने रूट कॅनालच्या स्पेशालिस्ट डॉक्टरांना गुरुवारचा दिवस दिला होता. ते पुण्याहून गाडीने यायचे, दहाला बसायचे आणि अडीचला उठायचे. एका रुग्णाला पाऊण तास, म्हणजे सहा रुग्ण. रूट कॅनाल बहुधा एका बैठकीत संपत नाही. दात उघडायचा, आतली नस साफ करायची, औषध ठेवायचं, वर तात्पुरतं सिमेंट लावायचं आणि काही दिवसांनी पुन्हा बोलवायचं. ते सिमेंट तात्पुरतंच असतं. माणूस वेळेवर आला नाही की ते झिजतं, फुटतं, आत पुन्हा घाण जाते, आणि केलेलं काम परत करावं लागतं. कधी दातही जातो. न येण्याची किंमत इथे दात असते.

त्या महिन्यात मी चार गुरुवार मोजले. सहातले तीन आले, सहातले दोन, सहातले तीन, सहातले दोन. चोवीसपैकी दहा. रिकाम्या चौदा वेळांना डॉक्टरसाहेब खिडकीजवळ उभे राहून हार्डवेअरच्या दुकानात पाइप उतरताना बघत असत. ते मुळातच कमी बोलणारे. चौथ्या गुरुवारी हातमोजे काढताना भाचीला म्हणाले, "मॅडम, मी दीड तास गाडी चालवत येतो. खिडकीतून पाइप बघायला नाही. आणखी तीन गुरुवार बघतो. नाहीतर तुम्ही दुसरं कोणीतरी बघा."

दुसरं कोणी येणार नव्हतं. हे भाचीलाही माहीत होतं आणि मलाही. तिने आधी सहा जणांना विचारलं होतं. पुण्याचे डॉक्टर मोशीच्या पुढे यायला तयार नसतात. हे डॉक्टर गेले की अर्धवट उघडलेले दात तिला पुण्याला पाठवावे लागणार होते. आणि दोन मैलांवरून न येणारा माणूस पुण्याला जाईल, असं मानायला ती काही एजन्सीवाली नव्हती.

एजन्सीवाल्याला बोलावलं. त्याने लॅपटॉप उघडला. "मॅम, कन्फर्मेशन रेट बघा. जबरदस्त आहे. लोक एंगेज होताहेत."

खरंच, वर्तुळाचा मोठा भाग हिरवा होता. चोवीसपैकी एकोणीस जणांनी 'कन्फर्म' दाबलं होतं.

"आणि आले किती?" मी विचारलं.

"तो, अंकल, ऑफलाइनचा इश्यू आहे. आपला भाग कन्फर्मपर्यंत."

"म्हणजे माणूस खुर्चीत बसला की नाही, हे तुमच्या वर्तुळात येत नाही?"

"नाही, ते ट्रॅक होत नाही."

"मग ते वर्तुळ घरी न्या."

भाचीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. एजन्सीवाला हसला आणि म्हणाला की आपण अर्जन्सी वाढवू. 'शेवटची संधी' असं लिहू, लाल रंगात, दिवसातून तीनदा पाठवू. मी त्याच्याकडून फक्त एक गोष्ट मागून घेतली, कोणी किती वाजता बटण दाबलं त्याची यादी. ती त्याने लगेच दिली. त्याच्या लेखी तिचा काही उपयोग नव्हता.

मी ती यादी रजिस्टरशेजारी ठेवली. सकाळी दहा ते बारामध्ये 'कन्फर्म' दाबलेले सात जण, त्यातले सहा आले होते. दुपारी साडेतीन ते साडेचारमध्ये दाबलेले बारा जण, त्यातले दोन आले होते. बटण न दाबलेले पाच, त्यातले दोन आले. बेरीज जुळली, पण अर्थ लागला नाही. चोवीस वर्षं ज्या तासावर माझी उपजीविका चालली, तो तास समोर कागदावर होता आणि मला दिसला नाही. हे मी लपवत नाही.

तेव्हा मी ठरवलं की लोकच बेशिस्त आहेत. डॉक्टरसाहेब चिडलेले, भाची काळजीत, आणि हे लोक बटण दाबून खुशाल घरी. मला त्यांचा मनस्वी तिटकारा आला. कंपनीत माल वेळेवर न देणाऱ्या पुरवठादारांना मी पत्रं लिहीत असे. ती वाचून माणसं स्वतः धावत येत. तसंच एक पत्र मी लिहिलं आणि भाचीला न विचारता, दवाखान्याच्या मोबाइलवरून, दोन किंवा अधिक वेळा न आलेल्या पाच जणांना पाठवलं.

"आपण दिनांक अमुक व अमुक रोजी येण्याची खात्री देऊनही आला नाहीत. त्यामुळे तज्ज्ञ डॉक्टरांची एकूण नव्वद मिनिटे वाया गेली. आपल्या रूट कॅनालचे काम अपूर्ण आहे. यापुढे असे झाल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल."

प्रत्येकाच्या तारखा बरोबर होत्या, मिनिटं बरोबर होती. मला फार समाधान वाटलं.

पाचांपैकी दोघांनी दवाखान्याचा नंबर ब्लॉक केला. एकाने अंगठा पाठवला, तो कशासाठी ते अजून कळलेलं नाही. एका बाईचा फोन आला. नवऱ्याचा फोन तिच्या हातात होता. "परिणाम म्हणजे काय हो? ह्यांना काय झालंय? मला काहीच सांगितलं न्हाई ह्यांनी." तिला नवऱ्याचा दात आहे, दुसरं काही नाही, हे पटवून द्यायला मला दहा मिनिटं लागली.

पाचवा स्वतः आला. शुक्रवारी चार वाजता, कंपनीच्या निळ्या शर्टात, पायात सेफ्टी शूज. लातूरकडचा, तिशीचा, गियरचे भाग बनवणाऱ्या कंपनीत मशीन ऑपरेटर. तीनदा 'कन्फर्म' दाबून तीनदा न आलेला, माझ्या यादीतला पहिला. डावा गाल किंचित सुजलेला. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला.

"काका, हे तुम्हीच लिवलंय का?"

"मीच लिहिलंय. काय चुकलंय त्यात? तारीख?"

"तारीख बरोबर हाय."

"मिनिटं?"

"आता ते मला काय ठाऊक. पर काका, आमच्या कंपनीत माणूस काढायच्या आधी असलं पत्र देतेत. मी रूमवर वाचलं तर रूममधली पोरं म्हनली, तुला दवाखान्यातून काढून टाकलं."

आत भाची होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"तीन वेळा तू कन्फर्म दाबलंस," मी म्हणालो. "यायचं नव्हतं तर दाबलंस कशाला?"

"यायचंच होतं की ओ. ओटी लागली."

"तीनही गुरुवारी ओव्हरटाइम?"

"तीनही. ऑर्डर हाय सध्या. गुरुवारी सात ते साडेतीन."

"मग कॅन्सल दाबायचं. त्यासाठीच ते बटण आहे."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून बसायला सांगितलंय. "मॅडमला कॅन्सल दाबू? एवढं त्यांनी बोलावलंय, हसरे चेहरे पाठवलेत, आन मी कॅन्सल? बरं दिसतंय का ते?"

"आणि कन्फर्म दाबून यायचं नाही, हे बरं दिसतं?"

"त्याचं कसंय काका, येतो म्हनायचं. मग न्हाई जमलं तर न्हाई जमलं. पर तोंडावर न्हाई म्हनायचं म्हंजे..." त्याने गालाला हात लावला. "आन कॅन्सल केलं तर पुन्हा नंबर लागतो का न्हाई, ते कोन सांगणार? अर्धा दात उघडा हाय माझा."

"तू बटण किती वाजता दाबतोस?"

"बसमध्ये. साडेतीनला सुटल्यावर. फोन सकाळी गेटवरच्या लॉकरात जमा असतोय. सुटलं की मिळतो."

"आणि ओव्हरटाइम आहे हे कधी कळतं?"

"तीन वाजता. बुधवारी तीनला टाइम ऑफिसच्या बाहेर यादी लागते. सगळीकडंच तसंय की."

सगळीकडे तसंच आहे. मला माहीत होतं. आमच्या कंपनीत ती यादी मी करत असे. दर बुधवारी अडीचला शॉपमधून आकडा यायचा, उद्या माल किती कमी पडतोय ते कळायचं, मी नावं काढायचो, पहिल्या शिफ्टची आणि जनरल शिफ्टची आधी, आणि तीनला स्वतः चार टाचण्या घेऊन बोर्डावर लावायचो. लावताना मागे लोक उभे असत. कोणी कपाळाला हात लावी, कोणी फोन करायला म्हणून गेटकडे वळे आणि फोन लॉकरात आहे हे आठवून परत फिरे. मी त्यांच्याकडे पाठ करून पुन्हा आत जाऊन चहा घेत असे. या बारांतल्या न आलेल्यांनी यादीत नाव पाहिलं होतं, गेटवर फोन घेतला होता, बसमध्ये बसून आमचे हसरे चेहरे पाहिले होते, आणि आपण उद्या येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना सभ्यपणाने 'कन्फर्म' दाबलं होतं. आणि मी त्यांच्या बेशिस्तीवर निबंध लिहीत होतो.

भाचीने त्याला आत घेतलं. सिमेंटचा अर्धा भाग निघालेला होता. तिने दात धुऊन पुन्हा तात्पुरतं बंद केलं. तो गेल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"मामा, मोबाइल द्या."

दिला. तिने माझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

"ही आठवण नाही. ही नोटीस आहे."

"आकडे बरोबर आहेत."

"आणि रूट कॅनाल असं लिहिलंत तुम्ही. कुणाचा फोन कुणाच्या हातात असतो, माहितीये का? एका खोलीत पाच जण राहतात. मी माझ्या रुग्णाबद्दल त्याच्या बायकोलाही न विचारता सांगत नाही, आणि तुम्ही लिहून पाठवलंत."

त्या बाईच्या फोनबद्दल मी तिला तेव्हा सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ हसली. मग म्हणाली, "दोन गुरुवार उरलेत, मामा." मधला एक, पत्रं पाठवली त्या आठवड्यातला, सहातले दोन असा गेला होता.

त्या संध्याकाळी आम्ही नवा मजकूर लिहायला बसलो. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे. दीड तास लागला. मी पहिलं लिहिलं, "कृपया वेळेवर यावे." ती म्हणाली, "वेळेवर काढा. वेळ दिलीये म्हणजे वेळेवरच." मी लिहिलं, "न आल्यास आगाऊ कळवावे." ती म्हणाली, "न आल्यास म्हणजे तुम्ही आधीच धरून चाललात की तो येणार नाही." मी म्हणालो, "धरून चालायलाच पाहिजे." ती म्हणाली, "मनात धरा. लिहू नका."

मग मी तिच्या ओळी खोडायला सुरुवात केली. तिने लिहिलं होतं, "आम्ही तुमची वाट पाहत आहोत." मी म्हणालो, "हे तर त्या बिनमोज्याच्या माणसाचं झालं. वाट पाहतोय म्हटलं की न येणारा अपराधी. मग तो बटण दाबतो आणि तोंड लपवतो." तिने मान्य केलं. 'काळजी घ्या' गेलं, 'आपल्या सुंदर दातांसाठी' गेलं, फुगा तर आधीच गेला. शेवटी हे उरलं. वर दवाखान्याचं नाव, आणि खाली:

"नमस्कार. उद्या गुरुवारी संध्याकाळी ५ वाजता आपली वेळ राखून ठेवली आहे. येणार असाल तर 'हो' लिहा. ओव्हरटाइम लागला किंवा शिफ्ट बदलली असेल तर 'बदल' लिहा, दुसरी वेळ देऊ."

बटण नाही, चेहरा नाही, कशाचं काम आहे ते नाही. वार, वेळ, आणि नाही म्हणायला एक सभ्य शब्द, ज्याचं कारण आम्हीच आधी लिहून ठेवलेलं. उत्तर प्रदेश-बिहारच्या रुग्णांसाठी हाच मजकूर शेजारच्या गॅरेजवाल्या चाचांकडून हिंदीत तपासून घेतला. ते म्हणाले, "साहेब, 'कृपया' काढून टाका. बँकवाले 'कृपया' लिहितात." काढला.

पाठवायची वेळ बुधवारी पावणेचार, म्हणजे माणूस यादी वाचून बसमध्ये बसल्यावर. आणि पाठवायचं एजन्सीकडून नाही, दवाखान्याच्या मोबाइलवरून, मी, हाताने. सहा जणांना पाठवायला मला आठ मिनिटं लागतात. एजन्सीवाल्याला भाचीने फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मॅम, यात इमोशनल कनेक्ट नाहीये." माझ्याकडे फोन देऊ का असं तिने विचारलं, तर त्याला अचानक दुसरा कॉल आला.

पण पाच वाजता कोण बसणार? डॉक्टरसाहेब तर अडीचला उठत. त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी मजकुराचं काही बोललो नाही. एका कागदावर चोवीस ओळी आखल्या, कोण आलं, कोण नाही, कुणी कधी बटण दाबलं, आणि ओव्हरटाइम किती ते किती असतो. शनिवारी पुण्याला जाऊन तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"म्हणजे मी येतो तेव्हा तुमचे पेशंट कंपनीत असतात?"

"निम्मे."

"आणि हे तुम्हाला आता कळलं?"

"हो."

"तुम्ही कंपनीत काय करत होतात?"

"नियोजन," मी म्हणालो.

त्यांनी कागद घडी घालून परत दिला. हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मग म्हणाले, "दोन ते साडेसहा. दोनच गुरुवार. येताना ठीक आहे, परत जाताना संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये मोशीलाच मला आठ वाजतील, ते ध्यानात ठेवा."

पहिल्या तीन वेळा मी कंपनीत नसणाऱ्यांना दिल्या. एक किराणा दुकानदार, एक निवृत्त तलाठी, एक राजगुरुनगरहून येणारी शिक्षिका. सव्वाचार, पाच आणि पावणेसहा या कंपनीवाल्यांच्या. आणि रजिस्टरच्या शेवटच्या पानावर, ऐनवेळी बोलावलं तरी येऊ शकतील अशा चौघांची नावं लिहिली. त्यांना तसं विचारून, त्यांनी हो म्हटल्यावर.

पहिल्या बुधवारी पावणेचारला मेसेज गेले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिलं उत्तर आलं: "बदल". खाली आणखी एक: "सॉरी सर ओटी रात्री ८ परेंत". माझ्या आयुष्यात नकार वाचून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. चोवीस तास आधी एक रिकामी जागा माझ्या हातात आली होती. शेवटच्या पानावरच्या पहिल्या नावाला फोन केला, ती बाई म्हणाली, "येते की." त्या गुरुवारी सहातले पाच आले. तलाठीबुवा आले नाहीत. त्यांनी 'हो' लिहिलं होतं. त्यांना ओव्हरटाइम नव्हता, शिफ्ट नव्हती, लॉकर नव्हता. दुपारी झोप लागली, म्हणाले. काही माणसांवर कुठलाच मजकूर चालत नाही, हे मी तेव्हा लिहून ठेवलं.

दुसरा गुरुवार शेवटचा. बुधवारी संध्याकाळपर्यंत चार 'हो', एक 'बदल', एक गप्प. 'बदल'ची जागा भरली. लातूरच्या ऑपरेटरने 'हो' लिहिलं होतं, पण मी 'हो'वर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं. गुरुवारी साडेचारला मी खिडकीत उभा होतो. डॉक्टरसाहेब जिथे उभे राहायचे तिथेच. पाइप उतरत होते. पाचला सात मिनिटं कमी असताना तो जिना चढून वर आला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात.

"ओटी होती?" मी विचारलं.

"व्हती. साडेतीनला सुटलो. बस वळसा घालती म्हनून सोडली, मधला डोंगर उतरून पायीच आलो. तुम्ही पाच लिवलं होतं."

त्याच्या दाताचं काम त्या दिवशी पूर्ण झालं. कॅपचं माप भाचीकडे पुढच्या आठवड्यात. सहातले पाच. गप्प राहिलेला, पावणेसहाचा, आला नाही.

डॉक्टरसाहेबांनी हात धुतले, बॅग भरली. भाची दाराशी उभी होती. विचारण्याची हिंमत होईना तिची. मी विचारलं. "डॉक्टर, पुढचा गुरुवार?"

"दोन वाजता," ते म्हणाले. "पण त्या तलाठ्याला पहिली वेळ देऊ नका. मला जेवण टाकून यावं लागतं."

ते गेल्यावर भाचीने खुर्चीचा दिवा बंद केला आणि मटकन माझ्यासमोर बसली. रडली वगैरे नाही. बडीशेपची वाटी ओढून घेतली आणि मूठभर खाल्ली. एजन्सीवाल्याचा त्याच संध्याकाळी फोन आला. कुणाकडून तरी ऐकलं होतं त्याने. आमचा मजकूर त्याला आपल्या दुसऱ्या क्लायंटला दाखवायचा होता, "केस स्टडी म्हणून, अंकल." मी म्हणालो, "दाखवा. बुधवारी तीन वाजता कुठल्या कंपनीच्या बोर्डासमोर उभे राहणार आहात तेवढं मला सांगा." त्याला प्रश्न कळला नाही. मी समजावला नाही.

मग तो गप्प राहिलेला. पावणेसहाचा. त्याला काय पाठवायचं, यावर आमचं पुन्हा वाजलं. माझ्या मनात पूर्ण वाक्यं तयार होती, मिनिटांसकट. पंचेचाळीस मिनिटं, एक तज्ज्ञ, आणि रिकामी खुर्ची. या माणसाला तर मी दोनदा सभ्यपणे विचारलं होतं, एकदा वेळ देताना आणि एकदा मेसेजमध्ये. भाची म्हणाली, "त्याचं काय झालंय ते तुम्हाला माहीत नाही."

"काही झालेलं नाही. झोपला असेल, तलाठ्यासारखा."

"असेल. तरी."

शेवटी मी टाइप केलं: "आजची भेट झाली नाही. नवी वेळ हवी असल्यास या नंबरवर कळवा." वाचून पाहिलं. एकही आकडा नव्हता त्यात. माझ्या हातून इतकं पोकळ वाक्य कधी गेलं नव्हतं. पाठवलं.

दोन निळ्या खुणा उमटल्या. त्याने वाचलं होतं. उत्तर आलं नाही. शनिवारी नाही, सोमवारीही नाही. रोज सकाळी दवाखाना उघडला की मी आधी तेच बघायचो, आणि अंगठा आपोआप खालच्या, लिहायच्या पट्टीकडे जायचा. पुन्हा एकदा लिहावं, जरा कडक. बुधवारी पावणेचारला सहा मेसेज पाठवले. त्याला पाठवला नाही.